विषय: कणगीच्या लेबलवर नागली दिसायला हवी

प्राजक्ता मॅडम, सागर सर, नमस्कार.

मी मृण्मयी. पुण्यात स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनचं काम करते. खाण्याच्या वस्तूंची लेबलं आणि देवनागरी अक्षररचना हा माझा मुख्य विषय. आपली ओळख नाही. डिसेंबरात भीमथडी जत्रेत तुमच्या स्टॉलवरून नागलीचं सत्त्व आणि वरईचं पीठ घेतलं. तेव्हा गर्दी होती, त्यामुळे बोलणं झालं नाही. हा ईमेल पत्ता पाऊचवरच्या ग्राहकसेवेच्या ओळीतून घेतला आहे.

स्टॉलवर तुम्ही एका आजींना सांगत होतात, की नागली पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरउतारावरची आहे, ती थेट शेतकऱ्यांच्या घरून येते आणि दळायच्या आधी तुम्ही तिला मोड आणता. आजींनी दोन पाकिटं घेतली. घरी आल्यावर मी पाऊच पुढून-मागून वाचला. यातलं एक वाक्यही त्यावर नाही. दुकानाच्या फळीवर हे सांगायला तुम्ही शेजारी उभे नसणार, म्हणून लिहावंसं वाटलं.

सगळ्यात आधी लोगोबद्दल. त्यातली ओंबी गव्हाची आहे. दोन्ही बाजूंना दाणे आणि वर लांब कुसं, तयार चित्रांच्या साइटवर ‘धान्य’ म्हटलं की हेच चित्र पुढे येतं. पण तुमच्या पाकिटात गहू नाही आणि त्याच चित्राखाली ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं आहे. युरोपात ग्लुटेन-फ्री मालावर फुली मारलेली ओंबी छापतात, इतकी ती खूण गव्हाशी जोडलेली आहे. ज्याला गहू चालत नाही असा ग्राहक चित्र बघूनच पाकीट परत ठेवू शकतो. नागलीचं कणीस तर किती वेगळं! पिकत आलं की त्याची बोटं आत वळतात, मिटत चाललेल्या मुठीसारखी. चार-पाच जाड, वळलेल्या रेषांत ते उभं राहतं आणि नखाएवढं केलं तरी ओळखू येतं. एवढा देखणा आकार तुमच्या मालातच आहे. तो अजून लेबलवर आलेला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या सुमारास या धान्यांची पाकिटं दुकानांत वाढलेली मी पाहिली, आणि त्यांतली बरीचशी एकाच घरची वाटतात: खाकी क्राफ्ट पाऊच, हिरवं पान, एक ओंबी. तुमचंही सध्या त्यांच्यातच मिसळतं. क्राफ्ट कागद वाईट नाही. पण खाली पांढरी शाई न देता त्यावर छापलं की हिरवा मळकट होतो आणि पिवळा जवळजवळ नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट नावाची. ‘कणगी’ हे नाव फार चांगलं आहे, पण लिहायला अवघड. ण, ग आणि शेवटची वेलांटी मिळून उभ्या दांड्यांची रांग होते. अंतर नीट नसेल तर लहान आकारात ण कुठे संपला आणि ग कुठे सुरू झाला हेच कळत नाही. सोबत एका पानावर तुमचंच लेबल मोबाइलवर किराणा मागवताना दिसतं तेवढं करून जोडलं आहे. बघा, नावाच्या जागी काळी पट्टी दिसते. मी हे नाव फाँटमध्ये टाइप करणार नाही, अक्षरं हाताने काढून देईन. मागच्या बाजूचा मजकूर मंगलमध्ये आहे. प्रा. र. कृ. जोशींनी केलेला हा फाँट संगणकाच्या पडद्यासाठी होता, बारीक छपाईसाठी नव्हे. त्याजागी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फाँट वापरता येईल. तो खुल्या परवान्याचा आहे, पैसे लागत नाहीत. आणि रोमन स्पेलिंग पाऊचवर एक, इन्स्टाग्रामवर दुसरं आहे. ते ट्रेडमार्कच्या अर्जाआधी एक करायला हवं. पिठांचा वर्ग ३०, आणि स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. अर्ज तुमचे वकील करतील. मी एवढंच बघेन की चिन्हात कुठल्याही साइटचं तयार चित्र नसेल, कारण अशा साइटच्या अटींमध्ये ते ट्रेडमार्कसाठी वापरायला बहुतेक वेळा मनाई असते.

नवा लोगो काढून सोबत पाठवलेला नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय काढलेलं चिन्ह माझ्या अंदाजावर उभं राहील, आणि तुमच्या शेतकऱ्यांबद्दल मला काहीच माहीत नाही.

काम ठरलं तर पाच आठवडे लागतील. पहिल्या आठवड्यात मी नाशिकला येऊन तुमचं दळण आणि पॅकिंग बघेन, जमल्यास एखाद्या शेतकऱ्याच्या घरीही जाऊ. मग चिन्ह आणि देवनागरी-रोमन नाव, रंग, आणि सध्याच्या चारही वस्तूंची लेबलं. सिलेंडर करून छापील पाऊच बनवायची घाई आत्ता करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो, माल मोठ्या प्रमाणात छापून घ्यावा लागतो, आणि पत्ता किंवा किंमत बदलली की सगळं पडून राहतं. त्यापेक्षा साधा पाऊच आणि क्रोमो स्टिकर ठेवू. चारही वस्तूंचा मूळ साचा एकच, फक्त एक पट्टा बदलेल, म्हणजे पाचवी वस्तू आली तर ती तुम्हीच बसवू शकाल. निव्वळ वजनाच्या अंकांची उंची पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांत ठरवून दिलेली आहे. ती, हिरवी शाकाहारी खूण आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक यांची जागा मी सुरुवातीलाच राखून ठेवते. नंतर कोंबलं की सगळी मांडणी बिघडते.

या सगळ्याचे ४५,००० रुपये: निम्मे सुरुवातीला, निम्मे फायली देताना. आत्ता तेवढं शक्य नसेल तर फक्त चिन्ह आणि नाव १८,००० रुपयांत करू, लेबलं पुढच्या हंगामात. यापेक्षा कमी करून मला नीट काम करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून असो वा दुसऱ्या कोणाकडून, काम करून घेताना जरूर मागा: कॉपीराइटचं लेखी हस्तांतरण. १९५७च्या कायद्यानुसार ते लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. उद्या माल दुबईला पाठवायचा ठरला तर हे आड येईल. माझ्या करारात कायमचं आणि जगभरासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि व्हेक्टरच्या मूळ फायलीही तुमच्याकडेच राहतात.

मी केलेल्या तीन लेबलांचे फोटो सोबत आहेत: एक लोणच्याचं, एक काकवीचं, एक लाकडी घाण्याच्या तेलाचं. फोटो दुकानातल्या फळीवरच काढले आहेत, म्हणजे शेजारच्या मालात ती कशी दिसतात ते कळेल.

येत्या गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीननंतर वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? याच मेलला वेळ आणि नंबर कळवा, फोन मी करेन. सध्या हा विषय नको असेल तर तसं एका ओळीत सांगितलंत तरी चालेल, पुन्हा मेल करणार नाही. तरीही पुढचा स्टिकर छापायच्या आधी ती गव्हाची ओंबी तेवढी काढून टाका.

आपली,
मृण्मयी
ग्राफिक डिझायनर, पुणे

सोबत: लहान आकारातलं लेबल (एक पान), तीन फोटो