ईशाचं पत्रिका-वाचन : दहावीनंतरची शाखा

कोल्हापूर, 19 मे 2025

संमती

आम्ही ईशाचे आई-वडील. ईशा 15 वर्षांची आहे. तिची पत्रिका अकरावीच्या शाखेपुरतीच पाहायला आम्हा दोघांची संमती आहे. वाचनाच्या वेळी आई खोलीत बसेल. आयुष्यमान, आजारपण, लग्न आणि परीक्षेतले टक्के यांबद्दल आम्ही विचारणार नाही आणि पत्रिका पाहणाऱ्या सुनंदाकाकूही सांगणार नाहीत. लेखी वाचन आधी ईशाच्या हातात दिलं जाईल. आम्हाला ते दाखवायचं की नाही हे ती ठरवेल. नको वाटलं तर ती कधीही थांबू शकते. शाखेचा निर्णय केवळ पत्रिकेवरून घेणार नाही, हे आम्हाला मान्य आहे.

खाली आई आणि बाबा, दोघांच्या सह्या. त्यांच्याखाली ईशाने स्वतःहून लिहिलंय : "मलाही चालेल."

चि. ईशा, अनेक आशीर्वाद.

काल बोललो तेच तुझ्यासाठी लिहून देते आहे, थोडं सावकाश. तुझा जन्म 5 जानेवारी 2010, सकाळी साडेदहा, कोल्हापूर. कुंभ लग्न, सिंह रास, पूर्वा फाल्गुनी नक्षत्र.

आधी ती गोष्ट काढून टाकू, जी मनात घेऊन तू आली होतीस. घरातल्या कुणीतरी पत्रिका बघून म्हटलं, "दशमेश नीचेचा, हिचं करिअर काही खरं नाही." तू ते वाक्य मला सांगितलंस तेव्हा आईकडे बघत नव्हतीस. दशम स्थानाचा स्वामी मंगळ तुझ्या पत्रिकेत कर्केत, सहाव्या स्थानात आहे, हे खरं. कर्क ही त्याची नीच रास, हेही खरं. पण कर्केचा स्वामी चंद्र तुझ्या सातव्या स्थानात, म्हणजे केंद्रात बसलाय. याला नीचभंग म्हणतात. माझ्या वाचनात असा मंगळ सुरुवातीला अडखळतो, हाताला काम लागलं की सरळ होतो. सहावं स्थान रोजच्या मेहनतीचं. "करिअर नाही" असं सांगणारा ग्रह कुठल्याच पत्रिकेत नसतो आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तसं कुणी सांगूही नये. ते वाक्य तू विसरलीस तरी चालेल.

अष्टमातल्या शनीचंही तसंच. मार्चअखेर शनी मीनेत गेला, तो तुझ्या राशीला आठवा. म्हणून घरात काळजी आहे. मी त्याचा अर्थ एवढाच घेते, की या वर्षात घाईने उरकलेलं काम परत करावं लागेल. फॉर्म भरताना दोनदा वाच. शांत किंवा पूजा मी सांगितलेली नाही, त्यासाठी खर्च करू नका.

आता माझ्या आवडीचा भाग. जन्माच्या वेळीही शनी तुझ्या आठव्या स्थानातच होता, कन्येत. आठवं स्थान म्हणजे दडलेलं, पुरलेलं, जुनं. कन्या बुधाची रास : मोजमाप, नोंदी, बारकावे. हे मी सांगत होते तेवढ्यात तू पिशवीतून वही काढलीस. पन्हाळ्याचा अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्यांचे आराखडे, जिन्याच्या पायऱ्या दोरीने मोजलेल्या, अंधारबावडीचा वेगळा कागद, आणि कोपऱ्यात "इथे माप चुकलंय, परत जायचं". ईशा, त्यानंतर पत्रिकेत फारसं शोधायची मला गरज वाटली नाही. कुणी न सांगता, मार्कांशिवाय, चुकलेलं माप घ्यायला परत गड चढणारी मुलगी आपलं काम ओळखून असते.

विद्येचं स्थान पाचवं. तिथे केतू आहे आणि त्याचा स्वामी बुध अकराव्यात, वक्री आणि सूर्याजवळ अस्त. शाळेत तुला "कळतं, पण सांगता येत नाही" म्हणायचे ना? असा बुध पुन्हा पुन्हा वाचतो, लिहून शिकतो, तोंडी परीक्षेत अडकतो. हे शिकण्याचं वळण आहे, बुद्धीचं माप नव्हे. केतूमुळे मात्र एक सवय सांभाळ : गोडी वाटेनाशी झाली की तू गोष्टी अर्धवट टाकतेस. तबला, मग जर्मन. तूच सांगितलंस, हसत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही सवय अंगावर येते, म्हणून गोडी टिकेल असा एक तरी विषय निवडीत असू दे. लग्नी गुरू आहे, त्याची दृष्टी या पाचव्यावर आहे. आणि गेल्याच आठवड्यात, 14 मे ला, गोचरीचा गुरू मिथुनेत, म्हणजे तुझ्या पाचव्यातच आला. शिकायला सुरुवात करायला मला हे वर्ष चांगलं वाटतं.

तर सायन्स की आर्ट्स?

पत्रिकेत शाखा लिहिलेली नसते. ती पद्धत शाळा-कॉलेजांनी पाडली, ग्रहांनी नव्हे. मला दिसते ती ओढ : जुन्या वास्तू, मोजणं, रेखाटणं, शांतपणे एकटीने काम करणं. त्या ओढीला जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत आणि इथे पत्रिकेपेक्षा प्रवेशाचे नियम महत्त्वाचे. आर्किटेक्चरला जायचं तर बारावीला गणित हवं, सोबत फिजिक्स. इतिहास-पुरातत्त्वाकडे आर्ट्समधून सरळ जाता येतं, पण कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करता येतं. दहावीनंतर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमाही आहे. सायन्सची बारावी करून पुढे बी.ए. करता येतं, आर्ट्सची बारावी करून आर्किटेक्चरला जाणं फार अवघड.

बाबांना सायन्स हवंय, कारण त्यांना स्वतःला फी अभावी ते सोडावं लागलं होतं. आईने हे सांगितलं तेव्हा तुला ते पहिल्यांदाच कळलं, असं तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांचा हट्ट त्या जखमेतून येतो. तू ती जखम भरून काढायला बांधील नाहीस, पण ती माहीत असली की घरातलं बोलणं बदलेल.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, आणि हे माझं मत आहे, ग्रहांचं नव्हे. 84.40 टक्क्यांत गणिताला 78 आहेत आणि तुला गणित आवडत नाही असं तू म्हणालीस. पण दोरीने जिना मोजून आराखडा काढते ती मुलगी गणितच करत असते. नावडतं ते गणित, की ते शिकवण्याची पद्धत? याचं उत्तर "पद्धत" असेल तर गणितासह सायन्स घे, बायोलॉजी सोड, वाट मोकळी राहील. उत्तर "गणितच" असेल तर मोकळ्या मनाने आर्ट्स घे. तिथेही तुझा शनी तितकाच कामाचा.

यंदापासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात आहेत, दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिही जिथे खरंच जायचंय. त्याआधी एखाद्या वास्तुविशारदाच्या कचेरीत आणि एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे एकेक दिवस बसून ये. बाबांना सोबत ने.

हे वाचून काही टोचलं, किंवा "हे मी नाही" असं वाटलं, तर तिथे रेघ मार आणि सोडून दे. तुला तू जास्त ओळखतेस. दक्षिणा आईने दिली आहे. पुन्हा यायची गरज नाही. अंबरखान्याचं चुकलेलं माप बरोबर आलं की मात्र वही दाखवायला नक्की ये.

तुझी,
सुनंदाकाकू