वाडीच्या शाळेसाठी सही केली आहे

सुनंदाताई, नमस्कार.

वाडीची शाळा बंद करून मुलांना ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवू नये, या निवेदनावर मी आज सकाळी सही केली. नुसते नाव लिहून थांबणे मला पटले नाही, म्हणून सही का केली आणि पुढे कोणाला काय पाठवणार आहे, ते येथे लिहिते.

आपल्या शाळेचा पट या वर्षी 11 आहे आणि पलीकडची शाळा एक किलोमीटरवर आहे, असे कारण तुम्हाला तोंडी सांगण्यात आले. पटाचा आकडा खरा आहे. अंतराचा मात्र खरा नाही. गेल्या रविवारी वडील, मी आणि पहिलीतला माझा भाचा असे तिघे घरापासून त्या शाळेच्या फाटकापर्यंत पायवाटेने चालत गेलो. मोबाइलवर अंतर 2.3 किलोमीटर भरले आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या भाच्याला पोहोचायला पन्नास मिनिटे लागली. वाटेत तो दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तो ओढ्यातल्या मोठ्या दगडावर, कारण पुढच्या दगडापर्यंत त्याचा पाय पुरत नव्हता. हे उन्हाळ्यातले अंतर आहे. आषाढात ओढा भरला की ते दगड दिसतसुद्धा नाहीत, आणि मग डांबरी रस्त्याने पुलावरून वळसा घालायचा तर चार किलोमीटरांच्या वर चाल पडते. लावणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसे पहाटेपासून खाचरात असतात. मुलांना सोडायला कोण जाणार?

महाराष्ट्राच्या 2011 च्या शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. त्याच नियमांत विसाच्या पटाचीही अट आहे, हे मला ठाऊक आहे आणि आपण ते लपवू नये. मात्र लहान वस्तीतल्या मुलांसाठी शाळा जवळ नसेल, तर मोफत वाहनाची किंवा निवासाची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपल्या वाडीपर्यंत पावसाळ्यात जीपसुद्धा येत नाही. तेव्हा वाहनाचे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये आणि निवेदनात हा मुद्दा स्पष्ट लिहावा, अशी माझी विनंती आहे.

मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतात, इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळतो, हे म्हणणे मी खोटे मानत नाही. मी स्वतः चौथीपर्यंत एका खोलीत चार इयत्तांबरोबर शिकले आणि पाचवीत गेल्यावर मला बुजायला झाले होते. तरीही मी पाचवीत गेले, हे महत्त्वाचे. माझ्या वर्गातल्या तीन मुलींपैकी दोघींचे शिक्षण चौथीनंतर सुटले, ते ओढ्यापलीकडे रोज एकटीने पाठवायला घरचे तयार नव्हते म्हणून. त्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. आता हीच वेळ सहा वर्षांच्या मुलींवर येऊ घातली आहे, आणि माझ्या सहीचे खरे कारण हेच आहे.

आता काय पाठवणार ते. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात 46 जण आहेत. त्यांना निवेदन, रविवारच्या वाटेचा नकाशा आणि गेल्या जुलैत वडिलांनी काढलेली भरल्या ओढ्याची दोन छायाचित्रे पाठवीन. मुलांचे चेहरे दिसणारे एकही छायाचित्र पाठवणार नाही. ‘राज्यातल्या वीसच्या आतल्या पटाच्या सगळ्या शाळा बंद झाल्या’ असा एक संदेश फिरतो आहे, तोही मी पुढे ढकलणार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते, आणि प्रस्ताव मागवणे म्हणजे शाळा बंद होणे नव्हे. चुकीची एक ओळ गेली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे आपली खरी मोजणीही हलकी ठरेल.

एक सूचना आहे. आम्हा बाहेरगावी राहणाऱ्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्याव्यात. पहिल्या कागदावर अकराही मुलांच्या आईवडिलांच्या सह्या असाव्यात आणि सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे त्या ठरावाचे वजन आमच्या शंभर सह्यांहून जास्त आहे. ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आधी लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने भोरला उतरून दुपारपर्यंत वाडीत येते. नकाशाच्या पाच छापील प्रती आणि कोरे कागद सोबत आणते. वरच्या आळीतल्या ज्या दोन घरांच्या सह्या राहिल्या आहेत, त्यांच्याकडे संध्याकाळी आपण दोघी मिळून जाऊ.

आपली,
वैशाली