जीएसटी विवरणपत्रे व आयकर विवरणपत्रातील उलाढालीच्या तफावतीबाबत सूचना

महाराष्ट्र शासन
वस्तू व सेवा कर विभाग
राज्यकर अधिकारी यांचे कार्यालय, सोलापूर

नमुना जीएसटी एएसएमटी-10
(महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 चे कलम 61 व नियम 99(1) अन्वये)

दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
मालक,
मे. भीमाकाठ पंप अँड मोटर वर्क्स,
पंढरपूर, जि. सोलापूर

कालावधी: आर्थिक वर्ष 2023-24

महोदय,

आपण उपरोक्त वर्षासाठी दाखल केलेल्या विवरणपत्रांची या कार्यालयाने छाननी केली. जीएसटीआर-1 व जीएसटीआर-3बी यांतील विक्रीचे आकडे बाराही महिने एकमेकांशी जुळतात. त्याबाबत आक्षेप नाही. मात्र करनिर्धारण वर्ष 2024-25 साठी आपण अनुमानित उत्पन्न योजनेखाली भरलेल्या आयटीआर-4 मधील उलाढाल यापेक्षा जास्त आहे.

आयटीआर-4 मधील एकूण उलाढाल: रु. 78,35,000
जीएसटीआर-3बी, तक्ता 3.1(a), करपात्र मूल्य: रु. 64,20,000
जीएसटीआर-3बी, तक्ता 3.1(c), करमुक्त पुरवठा: निरंक
तफावत: रु. 14,15,000

तफावतीची रक्कम करपात्र पुरवठा धरल्यास 18 टक्के दराने रु. 2,54,700 (केंद्रीय कर रु. 1,27,350 व राज्य कर रु. 1,27,350) इतका कर कमी भरल्याचे दिसते. मार्च 2024 च्या विवरणपत्राची मुदत, म्हणजे 20 एप्रिल 2024, धरून आजपर्यंतच्या 632 दिवसांचे कलम 50 खालील 18 टक्के दराने व्याज रु. 79,383 होते. प्रत्यक्ष भरणा होईपर्यंत ते वाढत राहील.

यात एक बाब आमच्या लक्षात आली आहे आणि ती आपण आधी तपासावी. आपल्या जाहीर विक्रीवरील 18 टक्के कर रु. 11,55,600 होतो. गिऱ्हाइकाकडून करासह आलेली पूर्ण रक्कम आयकर विवरणपत्रात उलाढाल म्हणून टाकली गेली असेल, तर तफावतीतील एवढा भाग आपोआप उलगडतो. तसे असल्यास विक्री खाते व त्यावरून काढलेला महिनावार ताळमेळ जोडावा. तोंडी सांगणे पुरेसे होणार नाही.

उरतात रु. 2,59,400. मोटर रिवाइंडिंगच्या कामात जळालेल्या वाइंडिंगची तांब्याची तार निघते. ती भंगारात विकून आलेले पैसे बहुधा रोखीत जमा होतात आणि त्याचे बिल निघत नाही. ही विक्रीही करपात्र पुरवठाच आहे. ही रक्कम भंगाराची असल्यास तसे स्पष्ट नमूद करून कर भरावा. उलट, ती एखाद्या ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारींची निव्वळ मजुरी असेल, तर अशी सेवा करमुक्त ठरू शकते. पण ती तक्ता 3.1(c) मध्ये दाखवणे आवश्यक होते. यासाठी कामाचे आदेश व बिलांच्या प्रती द्याव्यात. तिसरे काही कारण असल्यास तेही लिहावे.

अनुमानित योजनेत आयकरासाठी हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत, हे उत्तर येथे चालणार नाही. कलम 35 प्रमाणे नोंदणीकृत व्यक्तीने हिशेब ठेवणे आणि कलम 36 प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ते जपणे बंधनकारक आहे.

आपले स्पष्टीकरण ही सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत, म्हणजे 11 फेब्रुवारी 2026 पर्यंत, पोर्टलवर नमुना एएसएमटी-11 मध्ये दाखल करावे. ही सूचना पोर्टलवर Services > User Services > View Additional Notices/Orders येथे दिसेल. कार्यालयात आणून दिलेला कागद उत्तर म्हणून धरला जाणार नाही. मात्र ताळमेळ करताना अडचण आल्यास कार्यालयीन वेळेत येऊन विचारण्यास हरकत नाही.

तफावत आपणास मान्य असल्यास कर व व्याज नमुना डीआरसी-03 द्वारे भरून त्याची पावती उत्तरासोबत जोडावी. कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वी असा भरणा केल्यास कलम 73(5) व 73(6) प्रमाणे त्या रकमेवर दंड लागत नाही. नोटीस निघाल्यावर आदेशात कराच्या 10 टक्के किंवा रु. 10,000, यांपैकी जास्त असेल तो दंड आकारला जाऊ शकतो. तफावतीचा काही भाग मान्य व काही अमान्य असल्यास मान्य भागापुरता भरणा करून उर्वरित भागाचे स्पष्टीकरण द्यावे.

स्पष्टीकरण समाधानकारक आढळल्यास नमुना एएसएमटी-12 मध्ये तसे कळवून प्रकरण बंद केले जाईल. मुदतीत उत्तर न आल्यास, किंवा मान्य केलेली चूक दुरुस्त न केल्यास, कलम 65, 66 किंवा 67 खाली अथवा कलम 73 किंवा 74 खाली पुढील कारवाई सुरू केली जाईल.

सोबत: महिनावार तुलनात्मक तक्ता (1 पान)

राज्यकर अधिकारी,
सोलापूर