शिलकी कापूस

31 मार्चची दुपार, लाइन गेलेली, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू आणि त्याच्यासमोर मी. बीकॉम होऊन शेठजींच्या कापूस खरेदीवर लागलो त्याला आठच महिने झालेले. गोदामातला 200 क्विंटल शिल्लक कापूस सकाळी मीच मोजून आलो होतो, नाकात अजून रुई होती.

खरेदीचा भाव 7,000, म्हणजे क्लोजिंग स्टॉक 14 लाख आणि वर्षाचा नफा 3 लाख 40 हजार. एकदा तपासून घ्यावं म्हणून भाव परत टाकला तर घाईत 7,600 पडलं, आणि नफा झाला 4 लाख 60 हजार! ना गाडी आली ना बोंड विकलं, 1 लाख 20 हजार आले कुठून? मग मुद्दाम 6,400 टाकलं, नफा 2 लाख 20 हजार. खरं सांगतो, घाम फुटला, मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं.

मुनीमकाका पान चघळत म्हणाले, "काहून घाबरून रायला बे? शिल्लक मालाची किंमत वाढवली की विकलेला माल कागदावर स्वस्त पडते, मंग नफा फुगते. पण उद्या 1 एप्रिलले हाच आकडा ओपनिंग स्टॉक होऊन खर्चाच्या बाजूले बसते. यंदा जे फुगवलं ते पुढच्या साली तेवढंच खाली."

तेवढ्यात शेठजी आले. सकाळी म्हणत होते बँक मालावर जे सीसी कर्ज देते त्याच्यासाठी स्टॉक भक्कम दाखव, आता म्हणे टॅक्स जास्त नको बसायला. मी म्हटलं, शेठजी, कापूस तर एकच हाय, दोन भाव कसे लावू? (बोलून गेलो आणि पोटात गोळाच आला.)

शेठजी माझ्याकडे पाहतच रायले. काकांनीच विचारलं, "आज बाजारात काय भाव हाय?"

"6,600."

"खरेदीचा भाव अन् आता विकला तर हाती येणारा भाव, दोन्हीत जो कमी तो लाव. चढवायचाही नाय अन् आपल्या मनानं पाडायचाही नाय."

13 लाख 20 हजार. नफा 2 लाख 60 हजार. शेठजी चहा न घेताच गेले.

संध्याकाळी बाबांचा फोन. आमच्या पुढच्या खोलीत 30 क्विंटल दिवाळीपासून पडून हाय, आम्ही त्याच्या कडेकडेनं झोपतो, आणि बाबा तो मनात 8,000 नं धरून ताईचं लग्न आणि बोअर दोन्ही करून मोकळे झालेले.

"भाव काय म्हणते?"

"6,600, बाबा."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"पण कापूस तर तेवढाच हाय न रे?"

"हो बाबा. तेवढाच हाय."