गवती चहा

मेसचा चहा नीलेशने आजही तसाच ठेवला. कुडाळहून आल्यापासून आईशी फोनवर बोलायचा, तेवढंच त्याचं बोलणं.

समीरने मंडईतून गवती चहाची जुडी आणि आलं आणलं. हॉस्टेलच्या पॅन्ट्रीत दोन कप पाण्यात ठेचलेलं आलं, कात्रीने कापलेली पात आणि साखर घातली. पाणी खळखळल्यावर दोन चमचे पूड. गॅस बारीक करून चहा चांगला मुरू दिला, मग वेगळं तापवलेलं दूध ओतलं. गार दुधाने चवच जाते, हे त्याचं ठाम मत.

वास खोलीत शिरला तसा नीलेश उठून बसला.

"पात खंयची?"

आईचा फोन सोडला, तर पुण्यात तो पहिल्यांदाच मालवणीत बोलला होता.

"मंडईतली. जमलाय का?"

नीलेशने फुंकर घालून एक घोट घेतला, मग दुसरा. "आमच्या विहिरीपाशी हिचं बेट आहे. आई दूध नाही घालत, कोराच देते. पण हा चांगला झालाय रे."

"मग उद्या कोरा. तू कर."

नीलेशने पातेल्यात डोकावून पाहिलं. "अजून अर्धा कप निघेल," म्हणत त्याने समीरचा कप पुढे ओढला.