काळी चार

आषाढी झाली आणि देवळाचा पत्रा तीन ठिकाणी गळू लागला. भजनी मंडळाची पेटी तिथं ठेवणं अण्णांना धोक्याचं वाटत होतं. ओलीनं भात्याची चामडी सुटते, सुरांच्या पात्यांना गंज चढतो, आणि एकदा का सूर गंजला की तो घासून पुन्हा मिळवायला जाणकार हात लागतो. तशात वैजूची आई त्यांच्या दारात आली.

"अण्णा, सप्ताहापर्यंत पेटी आमच्याकडं राहू द्या. माळ्याखालची खोली कोरडी आहे."

"राहू द्या की. पण वाजवणार कोण तुमच्यात?"

"वैजू. ती मागणार नाही, म्हणून मी आले."

वैजू तेव्हा आईच्या मागं, अंगणातल्या तुळशीपाशी उभी होती. आठवीत होती. वर्गात हजेरीला हात वर करायची, पण 'हजर' हा शब्द ओठांच्या बाहेर येत नसे. भजनाला मात्र ती न चुकता यायची आणि बायकांच्या अगदी शेवटच्या रांगेत, जिथून अण्णांचा उजवा हात दिसतो, तिथं बसायची.

अण्णांनी पेटी तिच्यासमोर ठेवली आणि चार गोष्टी सांगितल्या. पेटी जमिनीवर नको, पाटावर. आधी खुंटी ओढायची, मग भात्याला हात लावायचा. सगळ्या खुंट्या बंद ठेवून भाता लोटला तर हवा कोंडते आणि शिवणीवर ताण येतो. भाता आपल्या स्प्रिंगनं उघडतो, आपण फक्त लोटायचा, तोही अर्धाच, पण सारखा. वाजवून झालं की एक पट्टी दाबून आतली हवा जाऊ द्यायची, खुंट्या आत सारायच्या, भात्याचे आकडे लावायचे. वैजूनं मान हलवली. सगळं तिला आधीच माहीत होतं, रांगेतून पाहून.

पेटी दुहेरी सुरांची होती, साडेतीन सप्तकांची. खर्ज आणि नर, दोन ओळी. पहिल्या रात्री वैजूनं नराचीच खुंटी ओढली, म्हणजे आवाज निम्मा. तोही तिला मोठा वाटला. तिनं पेटीवर गोधडी टाकली. आवाज दबला खरा, पण भाताच फुगेना. हवा आत घेणारी झडप भात्याच्या पाठीवर असते आणि गोधडीनं तीच झाकली होती. गोधडी काढावी लागली. शेजारच्या खोलीत आजी जागी होती. ती काही बोलली नाही.

पहिले चार-पाच दिवस वैजूच्या हातून नुसते धक्के निघाले. दर सुराला एक लोट, त्यामुळं प्रत्येक सूर उसळून यायचा आणि लगेच बसायचा. ही नवशिक्याची हमखास चूक आहे, कारण डावा हात आपोआप उजव्याच्या तालात जातो. दोन्ही हात वेगळे करायचा एकच उपाय असतो. एक पट्टी दाबून ठेवायची आणि सुराची उंची जराही हलणार नाही असा भाता चालवत राहायचा. वैजूनं हा उपाय स्वतः शोधला. काळी चार दाबून ती बराच वेळ बसायची. ही पट्टी का, तर तोंड न उघडता गुणगुणलं की तिचा आवाज नेमका तिथं येऊन टेकायचा. अण्णा काळी एकवर गातात. तिला ती खाली पडायची, वरची घेतली तर ताणायची.

मग पाऊस चार दिवस थांबलाच नाही, आणि पांढऱ्या पट्ट्या अडकू लागल्या. लाकूड दमट हवा पितं, फुगतं. पांढऱ्या पट्ट्या पुढून एकमेकींना खेटून असतात, म्हणून आधी त्या घासतात. दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर तसाच रेंगाळत राहतो. पांढरी एक अशी अडकली की वैजूला ती नखानं उचलावी लागली. नंतर पांढरी सहा. आपण पेटी मोडली या भीतीनं तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. काळ्या मात्र मोकळ्या होत्या. ती काळ्यांवरच फिरू लागली.

वीज गेली तरी काळ्या पट्ट्या बोटांना सापडतात. दोन जवळजवळ, मग जागा, मग तीन. पाचच सूर. त्यांच्यात कुठूनही कुठंही गेलं तरी कानाला टोचत नाही, आणि म्हणूनच तिथं फसायला होतं. वैजू तासभर वाजवायची आणि काहीच हाती लागायचं नाही. सगळं गोड, आणि दुसऱ्या दिवशी एकही ओळ आठवत नाही.

बदल झाला तो एका संध्याकाळी. ती सुरांच्या मागं न धावता थांबण्याच्या जागा पाहू लागली. तेच पाच सूर काळी एकवर आणून सोडले तर उजळ वाटत. काळी तीनवर सोडले तर अण्णांच्या पहाटेच्या भूपाळीची आठवण येई. काळी पाचवर सोडले की ओळ गंभीर होई, तिला जरा भीतीच वाटे. पट्ट्या त्याच, पण घर बदललं की घरातली सगळी माणसं वेगळी वागू लागत. तिनं प्रत्येक घरी थोडा थोडा वेळ काढला. शेवटी काळी चारला आली, जिथं तिचा स्वतःचा आवाज राहत होता, आणि तिथून हलली नाही.

पहिली ओळ तिथंच सापडली. खाली काळी तीनला स्पर्श करून चारवर, पाचवर थांबा, पुढं वरची एक, मग पाच, चार. सरगम तिला येत नव्हती. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं पट्ट्यांचे आकडे लिहिले, थांब्याला आडवी रेघ:

३ ४ ५ – १ ५ ४ –

खालच्या गटातल्या आकड्यांखाली तिनं रेघ ओढली, म्हणजे वरची तीन आणि खालची तीन यांत घोटाळा नको.

ओळ बरोबर होती, तरी लंगडत होती. वैजूनं पायानं आठ मात्रा मोजल्या. ओळ आठातच बसत होती, एकही सूर कमी-जास्त नव्हता. मग बिघडलंय काय? ती पाय आपटत, बोटं न हलवता, ओळ मनात म्हणत राहिली. पाचवरचा तो थांबा, म्हणजे तिचा रिषभ, ओळीतला सगळ्यात जड सूर होता आणि तो पडत होता तिसऱ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेचं वजन मिळत होतं खालच्या तीनला, जी नुसती पायरी होती. चाल बांधणाऱ्या पुष्कळांचं इथंच अडतं. सूर बदलत बसतात, आणि दोष सुरात नसतोच. वैजूनं सूर तसेच ठेवले. पहिले दोन सूर तिनं समेच्या आधी ढकलले, सातव्या आणि आठव्या मात्रेवर:

३ ४ । ५ – १ ५ ४ –

आता पाय आपटला की रिषभ येत होता. तिनं ती एकच ओळ त्या संध्याकाळी किती वेळा फिरवली ते आजीला विचारावं. दुसऱ्या दिवशी दळण निवडताना आजी तीच गुणगुणत होती.

दुसरी ओळ सोपी गेली. ती वर चढायची आणि पाचवर अडून राहायची, पहिलीकडं परत यायला भाग पाडायची. अंतरा अवघड. वरच्या चारवर, म्हणजे तार षड्जावर, जायचं होतं आणि तिथं जाईपर्यंत तिचं एकच बोट पुरत नव्हतं. पहिलं बोट उचलून पुढच्या पट्टीवर टाकलं की मध्ये सूर तुटायचा. अण्णांची तीन बोटं आठवून तिनं मधलं आणि अनामिका कामाला लावली. पुढची पट्टी दबल्यावरच मागची सोडायची. अनामिका दोन दिवस दुखली. पान असं भरलं:

१ २ । ३ – २ १ ५ –
२ ३ । ४ – ३ २ १ –
२ १ । ५ – १ ५ ४ –

श्रावण लागला तशी पेटी परत न्यायचा दिवस आला. देवळात अण्णांनी आकडे काढले, भाता भरला आणि पट्टी न दाबता थांबले. हवा कुठं सुटते का ते असं कळतं. फुसफुस नव्हती. मग त्यांनी पांढरी एक दाबली. ती खालीच राहिली.

वैजूचा चेहरा उतरला.

"तू नाही गं काही केलंस," अण्णा म्हणाले. "दर पावसाळ्यात फुगतात. झिरो नंबरचा पॉलिश पेपर कडेनं फिरवायचा, दोन-चार हात, बस. जास्त घासली तर उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि पट्टी खडखडते." त्यांनी पट्टी काढली, कड घासली, परत बसवली. "मग इतके दिवस वाजवलंस कशावर?"

वैजूनं वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली.

अण्णांनी आकडे वाचले. पहिल्यांदा काळी एकपासून मोजायला गेले, मग शेवटचा आकडा पाहून चारवर सा धरला. वाजवू लागले. पहिली ओळ नीट आली. दुसरीत वरून उतरताना सवयीनं त्यांचं बोट पांढरी एकवर घसरलं, नुकतीच दुरुस्त केलेली, छान बोलणारी पट्टी. गंधार लागला.

"नाही," वैजू म्हणाली. "पांढरी नको तिथं."

देवळात पखवाज पुसत बसलेला गणू वळून पाहू लागला. अण्णांनी हात थांबवला.

"आता मोकळी झालीय की ती. गोड लागतो गंधार."

"गोड लागतो. पण मग पाचवर थांबावंसं वाटत नाही. ती लगेच घरी जाते." तिनं वहीतल्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं थांबायला हवी."

अण्णांनी दोन्ही प्रकारे वाजवून पाहिलं. गंधार घेऊन, मग न घेता. तिसऱ्यांदा पुन्हा न घेता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "सा रे म प आणि कोमल नी. मधमाद सारंगाचे सूर हे. मेघातही हेच पाच असतात, चाल वेगळी. कुणी शिकवलं?"

वैजूनं नाही म्हणून मान हलवली.

"शब्द आहेत?"

"अजून नाहीत."

अण्णा पेटीमागून उठले आणि बसकुरावर तिला जागा करून दिली. तिनं यावेळी दोन्ही खुंट्या ओढल्या, नर आणि खर्ज. दुहेरी सुराला हवा जास्त लागते, म्हणून भाता थोडा अधिक भरला. गणूनं पखवाज मांडीवर घेतला.

"वैजू, उठतेस कुठून?"

"सातवीपासून," ती म्हणाली. "तू एक आवर्तन रिकामं वाजव. मी मोजते."