तेरणेवरच्या बंधाऱ्याच्या निविदेसाठी पुन्हा लिहिलेलं कव्हर लेटर

दादा, पत्र नव्यानं लिहिलंय. ‘मराठवाड्यातील अग्रगण्य’ आणि ‘शंभर टक्के गळतीमुक्त’ दोन्ही काढलं. वाचणारे साहेब आयुष्यभर बंधाऱ्यांवर उभे राहिलेत. नवं रबर सील सुरुवातीला थोडं झिरपतंच, हे त्यांना माहीत आहे. उशिराची गोष्ट मात्र मुद्दाम ठेवली, कारण दाखल्यावर तारीख आहेच. हे पहिल्या लिफाफ्यात जाणार म्हणून दराचा कुठंही उल्लेख नाही. वाचून सही-शिक्का कर.

दि. २० मार्च २०२५

प्रति,
मा. जिल्हा जलसंधारण अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव

विषय: तेरणा नदीवरील कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीची निविदा.

महोदय,

वरील कामासाठी आमची निविदा सादर करीत आहोत. ८ व १५ मार्च रोजी पात्र कोरडे असताना आम्ही बंधाऱ्याची पाहणी केली. १८ गाळ्यांपैकी ७ व ८ क्रमांकाच्या गाळ्यांमधील खांबाच्या तळाशी काँक्रीट खचले आहे. आमच्या मते पाणी मुख्यतः तेथूनच निघून जाते. केवळ दरवाजे बदलून ते थांबणार नाही, म्हणून खांबाचे काम आम्ही वेळापत्रकात सर्वांत आधी घेतले आहे.

कार्यादेश एप्रिलअखेर मिळाल्यास खांबाचे व तळाचे काँक्रीट पावसाआधी पूर्ण करू. एकदा पाऊस लागला की काळ्या रानातून मिक्सर नदीपर्यंत नेता येत नाही, त्यामुळे हा टप्पा पुढे ढकलण्यास वाव नाही. दरवाजांची जोडणी व रंगकाम पावसाळ्यात वर्कशॉपमध्ये होईल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दरवाजे जागेवर येतील, म्हणजे १५ ऑक्टोबरपासून पाणी अडविता येईल.

गेल्या पाच वर्षांत आम्ही कळंब व लोहारा तालुक्यांत अशा तीन बंधाऱ्यांची दुरुस्ती केली. दोन कामे मुदतीत झाली. तिसऱ्यास १२ दिवस उशीर झाला. सप्टेंबरच्या पावसात वाट वाहून गेली होती. त्या अनुभवावरून या वेळी वाळू, खडी व सिमेंट मेअखेर बंधाऱ्याजवळ साठविण्याची तरतूद केली आहे. १८ पेक्षा अधिक गाळ्यांचे काम आम्ही अद्याप केलेले नाही. हे काम आमच्या आवाक्यातील आहे.

मिक्सर, व्हायब्रेटर व वेल्डिंग संच आमच्या मालकीचे आहेत. पोकलेन भाड्याने घेणार असून त्याचा करारनामा जोडला आहे. दरवाजे बसविल्यानंतर दोन आठवडे आमचे दोन कामगार बंधाऱ्यावर राहतील आणि जेथे पाझर दिसेल तेथील सील पुन्हा बसवतील. दोषदायित्व कालावधीतील दुरुस्ती निविदेच्या अटींप्रमाणे आमच्या खर्चाने करू.

आपले अभियंता पूर्वीच्या कामांवर येऊ इच्छित असल्यास आम्ही स्वतः सोबत येऊ. पाणी भरलेले असताना, डिसेंबरमध्ये काढलेली छायाचित्रे जोडली आहेत.

आपला विश्वासू,
मालक व नोंदणीकृत कंत्राटदार

सोबत: तीन कामपूर्ती दाखले, पाहणीची मोजमापे, टप्पेनिहाय वेळापत्रक, पोकलेन भाडेकरार, छायाचित्रे.